बदली कामगाराची हमी: ईमेलमध्ये काय असते, करारात काय असते

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत छोटा-मोठा कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाला मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सींचे ईमेल येत असतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी पदांची यादी येते: सीएनसी आणि व्हीएमसी ऑपरेटर, सेटर, फिटर, वेल्डर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, क्वालिटी इन्स्पेक्टर. त्यानंतर आयटीआय, डिप्लोमा, अनुभवी आणि नवशिके अशा सर्व प्रकारचे उमेदवार अल्पावधीत मिळतील असे आश्वासन असते. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ असते. कामगार नव्वद दिवसांच्या आत सोडून गेला, तर बदली माणूस विनामूल्य दिला जाईल. मालकाचे लक्ष याच ओळीवर खिळते, कारण चांगला माणूस मिळवणे जेवढे कठीण, तेवढेच तो टिकवणे कठीण असते. ही हमी नेमकी कशाची आहे, हे मात्र ईमेलवरून समजत नाही.

मुळात अशा ईमेलमध्ये बरेचदा दोन वेगळे व्यवहार एकत्र मांडलेले असतात. पहिल्यात एजन्सी उमेदवार शोधून देते. तो कारखान्याच्या रोलवर रुजू होतो, पगार कारखाना देतो आणि एजन्सीला एकदाच शुल्क मिळते. दुसऱ्यात कामगार एजन्सीच्याच रोलवर राहतो आणि कारखान्यात येऊन काम करतो. एजन्सी दर महिन्याला त्याचा पगार, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि स्वतःचे सेवाशुल्क एकत्र करून बिल देते. याला कंत्राटी मनुष्यबळ म्हणतात. ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द दोन्ही ठिकाणी वापरला जातो, पण पहिल्या व्यवहारात तो शुल्काशी जोडलेला असतो आणि दुसऱ्यात रोजच्या हजेरीशी. त्यामुळे ईमेल आल्यावर आधी हे विचारून घ्यावे लागते की माणूस कोणाच्या रोलवर राहणार आहे.

आधी पहिला व्यवहार पाहू. भारतात या प्रकारच्या भरतीचे शुल्क बहुधा वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, अर्थात एका महिन्याचा पगार इतके असते. पदानुसार हे प्रमाण कमी-जास्त होते. समजा, चाकणमधल्या एका जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपला सीएनसी टर्निंगसाठी सेटर हवा आहे. महिन्याची सीटीसी 24,000 रुपये ठरली, तर एजन्सीचे शुल्क 24,000 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 4,320 रुपये लागतो आणि बिल 28,320 रुपयांचे होते. जीएसटीची वजावट बहुतेक नोंदणीकृत कारखान्यांना मिळते, म्हणून खरा खर्च 24,000 रुपयांचाच धरावा. बदली कामगाराची हमी याच रकमेची असते. माणूस गेला तर तेवढे शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

आता समजा, हा सेटर 52व्या दिवशी कामावर आला नाही आणि फोनही उचलेना. हमी नव्वद दिवसांची आहे, म्हणून वर्कशॉपने एजन्सीला कळवले आणि एजन्सीने 24 दिवसांनी दुसरा माणूस पाठवला. पुणे पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या 24 दिवसांतले चार गुरुवार वगळले तर कामाचे 20 दिवस उरतात. एका पाळीत मशीन प्रत्यक्ष सात तास चालते असे धरले, तर 140 तास वाया गेले. त्या मशीनचा जॉबवर्कचा दर तासाला 300 रुपये धरला, तर बुडालेले काम 42,000 रुपयांचे होते. दुसऱ्या पाळीच्या माणसाला थांबवून काही तास भरून काढता येतात, पण ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. पहिल्या माणसाला कारखान्याची पद्धत शिकवताना गेलेला वेळ आणि रिजेक्ट झालेले जॉब वेगळेच. हमीने 24,000 वाचवले हे खरे, पण कामगार गेल्याने झालेले नुकसान जवळपास दुप्पट होते आणि त्यातला एकही रुपया हमीत बसत नाही. यात एजन्सीची फसवणूक नाही. तिने कधीही उत्पादनाची हमी दिलेली नसते. चूक होते ती मालकाने या ओळीला विम्यासारखे समजण्यात.

हमीचा उपयोग किती होईल, हे करारातल्या बारीक अटींवर ठरते. सगळ्यात जास्त हमी ज्या अटीमुळे हातची जाते ती पैसे देण्याच्या मुदतीची. बहुतेक एजन्सींच्या करारात असे असते की कामगार रुजू झाल्यापासून सात किंवा पंधरा दिवसांत बिल चुकते झाले, तरच बदलीची हमी लागू राहील. कारखान्याच्या अकाउंट्स विभागाची पद्धत वेगळी असते. पुरवठादारांची बिले तिथे 45 किंवा 60 दिवसांच्या चक्रात निघतात आणि एजन्सीचे बिलही त्याच गठ्ठ्यात जाते. मग 52व्या दिवशी माणूस जातो, मालक हक्काने फोन करतो आणि समोरून उत्तर येते की बिल मुदतीत न भरल्यामुळे हमी संपली आहे. म्हणजे हमी घालवली ती कामगाराने नव्हे, कारखान्याच्याच टेबलाने. करारावर सही करतानाच अकाउंट्सला ही तारीख कळवली नाही, तर हमी पहिल्या पंधरवड्यातच संपल्यात जमा असते.

दुसरी अट असते ‘सोडून जाणे’ म्हणजे काय याची. बहुतेक करारांत कामगाराने स्वतःहून राजीनामा दिला किंवा काम जमत नाही म्हणून त्याला काढले, तर हमी लागू होते. काम कमी झाले म्हणून काढले, ठरलेल्या पदापेक्षा वेगळे काम दिले, पगार किंवा पाळी बदलली, तर ती लागू होत नाही. या अटी अन्यायाच्या नाहीत. सेटर म्हणून आणलेल्या माणसाला पॅकिंगला उभे केले आणि तो गेला, तर एजन्सीने दुसरा माणूस फुकट का द्यावा? पण काम जमत नाही हे दाखवायला कागद लागतो. पहिल्या दोन महिन्यांत रिजेक्शनची नोंद, दिलेली समज आणि तारखा लिहून ठेवल्या नसतील, तर वाद तोंडी होतो आणि तोंडी वादात करार लिहिणाऱ्याची बाजू वरचढ ठरते.

तिसरी गोष्ट बदली माणूस किती दिवसांत येणार ही. ईमेलमध्ये याबद्दल काहीच नसते. करारात ‘योग्य वेळेत’ किंवा ‘उपलब्धतेनुसार’ असे मोघम शब्द असतात. वरच्या उदाहरणातले 24 दिवस हे त्या मोघमपणाचेच फळ आहे. बदली माणूस आल्यावर त्याच्यासाठी हमी पुन्हा नव्वद दिवसांची सुरू होते, उरलेल्या 38 दिवसांची असते की मुळीच नसते, हेही स्पष्ट लिहून घ्यावे लागते. अनेक करारांत बदली एकदाच मिळते आणि बदली आलेल्या माणसावर हमी राहत नाही. दुसराही महिन्याभरात गेला, तर शुल्क पुन्हा पूर्ण द्यावे लागते.

एजन्सीला माणूस मिळालाच नाही तर काय, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. विनामूल्य बदली देऊ म्हणणारी बरीच एजन्सी पैसे परत करायला तयार नसते. यावर धंद्यात चालणारा एक साधा तोडगा आहे: पंधरा दिवसांत बदली माणूस आला नाही, तर हमीच्या उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात शुल्क परत. वरच्या उदाहरणात नव्वदपैकी 38 दिवस उरले होते, म्हणजे 24,000 पैकी सुमारे 10,133 रुपये परत मिळाले असते. याहून सरळ मार्ग म्हणजे शुल्क दोन हप्त्यांत देणे. निम्मे रुजू झाल्यावर आणि निम्मे नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर. चांगली एजन्सी थोडी घासाघीस करून हे मान्य करते, कारण तिच्या उमेदवारांबद्दल तिला खात्री असते. जी एजन्सी सगळे पैसे आधीच मागते आणि परताव्याचा विषय टाळते, तिची हमी कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.

या अटींइतकेच महत्त्व आहे ईमेलमधल्या ‘कुशल’ या शब्दाला. सीएनसी विभागात ऑपरेटर, सेटर आणि प्रोग्रामर ही तीन वेगळी कामे आहेत. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब काढतो आणि गेजने तपासतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट घेतो, पहिला जॉब मापात काढून देतो. प्रोग्रामर ड्रॉइंगवरून प्रोग्राम लिहितो. बायोडाटावर मात्र तिघांच्या नावापुढे ‘सीएनसी, तीन वर्षे अनुभव’ असे एकसारखेच लिहिलेले असते. तीन वर्षे एकाच मशीनवर एकच जॉब लावणाऱ्याला सेटर म्हणून पाठवले जाते, पहिल्या आठवड्यात टूल आदळते आणि मग हमीची भाषा सुरू होते.

हे टाळायला मशीनसमोर अर्ध्या तासाची चाचणी पुरते. उमेदवाराला 25 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे ड्रॉइंग द्यावे, ज्यावर एच-सातची सहनशीलता दिलेली आहे. शाफ्टसाठी इथे छोट्या लिपीतला एच असतो आणि त्याचा अर्थ व्यास 24.979 ते 25.000 मिलिमीटरच्या आत हवा असा होतो. पहिला जॉब 25.03 आला असे सांगून पुढे काय करणार ते विचारावे. जाणता सेटर मधले माप, म्हणजे 24.99, डोळ्यांसमोर धरतो आणि टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये एक्स अक्षावर उणे 0.04 टाकतो. ज्याला फक्त जॉब लावता येतो तो प्रोग्राममध्ये आकडा बदलायला जातो किंवा गोंधळतो. त्याने मोजायला काय उचलले हेही पाहावे. एकवीस मायक्रॉनच्या पट्ट्यात माप धरायचे असताना जो व्हर्नियर कॅलिपर उचलतो, त्याने अशा कामावर फारसा हात चालवलेला नाही. इथे मायक्रोमीटरच लागतो. वेल्डरच्या बाबतीत हेच काम एक तुकडा जोडून, तो कापून किंवा वाकवून पाहण्याने होते. जी एजन्सी अशी चाचणी आधीच घेऊन निकाल पाठवते, तिचे शुल्क थोडे जास्त असले तरी ती परवडते.

कुशल माणूस चाचणीत उत्तीर्ण होऊनही दुसऱ्या महिन्यात का जातो, याचे कारण बरेचदा पगाराच्या आकड्यात असते. उमेदवाराला फोनवर सांगितले जाते, ‘चोवीस हजार’. ही सीटीसी आहे हे त्याला कोणी सांगत नाही. या 24,000 मध्ये मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी धरलेला असतो. 15,000 रुपयांच्या मर्यादेवर 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये, आणि विमा व प्रशासन खर्चाचे सुमारे 150 रुपये. ते वजा केल्यावर पगारपत्रकावरची एकूण रक्कम 22,050 होते. त्यातून कामगाराच्या वाट्याचे 1,800 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 रुपये कापले की हातात 20,050 येतात. बोनस सीटीसीतच धरला असेल तर त्याहूनही कमी. नांदेड, यवतमाळ किंवा बिहार, ओडिशाहून आलेला तरुण खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा हिशेब चोवीस हजारांवर मांडून आलेला असतो. पहिल्या पूर्ण पगारानंतर त्याचा हिशेब फिसकटतो आणि शेजारच्या कारखान्यात हजार-दीड हजार जास्त मिळतात असे कळताच तो निघून जातो. 52वा दिवस हा योगायोग नसतो. रुजू झाल्यानंतरचा पहिला पूर्ण पगार साधारण त्याच सुमारास हातात पडतो. बदली म्हणून येणाऱ्यालाही तेच ‘चोवीस हजार’ सांगितले गेले, तर तोही तसाच जाईल. कामगार हातात किती येणार यावर निर्णय घेतो, म्हणून त्याला तोच आकडा आधी, त्याच्या भाषेत, लेखी द्यायला हवा.

दुसरा व्यवहार, म्हणजे कंत्राटी मनुष्यबळ, वरवर सोपा वाटतो. आज कोणी आला नाही तर उद्या दुसरा पाठवू, हा तिथल्या हमीचा अर्थ. पॅकिंग, लोडिंग, हाउसकीपिंग अशा कामांत ती उपयोगी पडते. मशीनवर मात्र रोज नवा माणूस म्हणजे रोज नवा धोका. पॉवर प्रेसवर आदल्या दिवशी न शिकवलेला माणूस उभा करणे हे बोटे गमावण्याचे सर्रास कारण आहे, आणि एजन्सीच्या रोलवरच्या माणसाला अपघात झाला तरी भरपाईची जबाबदारी कारखान्याच्या मालकापर्यंत पोहोचते.

पैशाच्या बाबतीतही तेच. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी लागते, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्येही ती कायम आहे. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांचेही तसेच. म्हणून अशा ईमेलमधला दर तपासण्याची एक सोपी रीत आहे. कामगाराला 16,000 रुपये मिळणार असे एजन्सी म्हणत असेल, तर त्यात मालकाच्या वाट्याचा निधी आणि त्याचे खर्च 1,950 आणि राज्य कामगार विम्याचे 3.25 टक्के म्हणजे 520 रुपये मिळवावे. बेरीज 18,470 होते. बोनस, रजेचा पगार आणि एजन्सीचे सेवाशुल्क अजून त्यात आलेलेच नाही. तेव्हा ‘सर्व समावेशक 18,000’ असा दर आला असेल, तर कुठेतरी कोणाचे तरी पैसे भरले जाणार नाहीत हे आकड्यावरूनच दिसते. ते पैसे कामगाराचे असतात आणि पुढे वसुली मालकाकडून होते. एजन्सीने महिन्याला दिलेले चलान पाहून समाधान मानू नये. त्या चलानाची एकूण रक्कम दुसऱ्याच साइटच्या कामगारांची असू शकते. सोबतची नावांची यादी मागावी, आणि कामगाराला उमंग अ‍ॅपवर आपले पासबुक उघडून महिन्याची रक्कम जमा झाली का ते पाहायला सांगावे. कामगाराने स्वतः पाहिलेली नोंद एजन्सीच्या कोणत्याही कागदापेक्षा खात्रीची असते.

नव्या संहितेत आणखी एक बंधन आहे. 50 किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, जसे की त्या धंद्यात ते काम रीतीने कंत्राटावरच होत असेल किंवा कामाचा ताण अचानक वाढला असेल. ज्या कारखान्याचा धंदाच मशिनिंग आहे, त्याचे मशिनिंग हे मुख्य काम होय. तेव्हा ‘शंभर सीएनसी ऑपरेटर आमच्या रोलवर’ हा प्रस्ताव स्वीकारण्याआधी कामगार सल्लागाराला विचारणे आवश्यक ठरते. करार केवळ देखावा आहे असे ठरले, तर ते कामगार मूळ मालकाचेच मानले जातील, हे सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात 2001 साली सांगितले आहे. न्यायालये पाहतात त्या गोष्टींत कामगाराची निवड कोण करतो, रजा कोण देतो आणि त्याला काढतो कोण, हे प्रश्न येतात. एखाद्या गोष्टीवरून निकाल लागत नाही. पण कारखान्याच्याच सुपरवायझरने रोज माणसे परत पाठवली आणि एजन्सीने मुकाट दुसरी दिली, तर ‘बदलीची हमी’ हाच पुढे मालकाविरुद्धचा पुरावा होऊ शकतो. हमीचा वापर एजन्सीच्या समन्वयकामार्फत, लेखी आणि कारणासह व्हायला हवा तो यासाठी.

आणखी एक गोष्ट ईमेलमध्ये कधीच नसते. काही एजन्सी कारखान्याकडून शुल्क घेतात आणि नोकरी लावल्याबद्दल उमेदवाराकडूनही पैसे उकळतात. अशा कामगाराला आधी उधार फेडायची असते, म्हणून तो जास्त पगाराच्या शोधात राहतो. नव्वद दिवस उलटताच तीच एजन्सी त्याला दुसरीकडे लावते आणि दोन्ही बाजूंकडून पुन्हा शुल्क मिळवते. यावर कारखान्याने दोन अटी घालाव्यात. उमेदवाराकडून एक रुपयाही घेतलेला नाही असे लेखी घ्यावे आणि रुजू केलेल्या माणसाला एजन्सीने एक वर्ष दुसरीकडे पाठवू नये असे करारात लिहावे. दुसरी अट कामगाराच्या स्वतःहून नोकरी बदलण्याच्या हक्काला लागू होत नाही, ती फक्त एजन्सीवर असते. पहिल्या अटीची खातरजमा मात्र कागदावर होत नाही. रुजू झाल्याच्या दिवशी कारखान्यातल्याच कोणीतरी कामगाराला बाजूला घेऊन, त्याच्या भाषेत, किती पैसे दिलेस हे विचारावे.